कार्यालयीन इमारतीतील मासिक पार्किंग रद्द कसे करावे आणि अनामत रक्कम परत कशी मिळवावी

नोकरीचे ठिकाण बदलले, घरून काम सुरू झाले किंवा गाडी विकली की महिन्याच्या भाड्याने घेतलेल्या राखीव पार्किंगची गरज संपते. बहुतेक जण अशा वेळी गाडी काढून घेतात, प्रवेशाचे कार्ड गेटवरील सुरक्षारक्षकाकडे देतात आणि अनामत रक्कम यथावकाश खात्यात जमा होईल असे गृहीत धरतात. व्यवस्थापनाच्या दप्तरी मात्र ती जागा त्यांच्याच नावावर चालू राहते, दर महिन्याच्या शुल्काचे बिल निघत राहते आणि ते अनामतीतून वळते होते. अनामत तीन महिन्यांच्या शुल्काइतकी असेल, तर चौथ्या महिन्यात हाती परतावा येण्याऐवजी थकबाकीचे पत्र येते. गाडी बाहेर पडली म्हणजे जागा सुटली असे नव्हे. नोटिशीची मुदत संपून ताबा परत दिल्याची लेखी नोंद झाली की जागा सुटते, आणि अनामतीचा सारा प्रश्न या दोन तारखांवर उभा असतो.

पैसे नेमके कोणाकडे आहेत?

मुंबई-पुण्यातील व्यापारी इमारतींत पार्किंगचा कारभार कधी इमारतीचा मालक पाहतो, कधी गाळेधारकांची प्रिमायसेस सोसायटी, तर कधी त्यांनी नेमलेला पार्किंग कंत्राटदार. म्हणून सर्वप्रथम अनामतीची पावती शोधावी आणि ती कोणाच्या नावाने फाडली आहे ते पाहावे, कारण परतावा देण्याची जबाबदारी सामान्यतः त्याच्यावरच असते. पावती सापडत नसेल, तर रक्कम ज्या खात्यात भरली त्याचा तपशील आपल्या बँकेच्या उताऱ्यावरून काढता येतो.

मधल्या काळात कंत्राटदार बदलला असेल, तर ही खातरजमा विशेष महत्त्वाची ठरते. नवा कंत्राटदार ‘रक्कम आमच्याकडे आलेलीच नाही’ म्हणतो आणि जुना ‘सारा हिशेब इमारतीकडे दिला’ असे सांगतो. अशा वेळी तोंडी चौकशीत दिवस घालवू नयेत. जुना कंत्राटदार, नवा कंत्राटदार आणि ज्याने दोघांना नेमले तो मालक किंवा सोसायटी, अशा तिघांनाही एकच पत्र पाठवावे आणि अनामत रकमांच्या हस्तांतरणाची यादी लेखी मागावी. पार्किंग आपल्या कंपनीने घेऊन दिलेले असेल, तर अनामतही बहुधा कंपनीचीच असते आणि मग नोटीसही कंपनीच्या लेटरहेडवरच जावी लागते.

निवासी संकुलातील भाडेकरूंची स्थिती वेगळी आहे. तेथे पार्किंगचे वाटप सोसायटी सभासदाला करते आणि भाडेकरू ते सभासदामार्फत वापरतो. त्यामुळे पार्किंगसाठी दिलेली रक्कम घरमालकाच्या हाती गेली असेल, तर ती घराच्या अनामतीबरोबर घरमालकाकडूनच मागावी लागते. सोसायटीच्या कार्यालयात फक्त स्टिकर परत करून नोंद रद्द करून घ्यावी.

नोटिशीची मुदत मोजणे

करारातील रद्द करण्याचे कलम अक्षरशः वाचावे, कारण ‘तीस दिवसांची नोटीस’ आणि ‘एका पूर्ण कॅलेंडर महिन्याची नोटीस’ या दोन शब्दप्रयोगांत जवळजवळ तीन आठवड्यांचे शुल्क अडकलेले असू शकते. एक उदाहरण घेऊ. मासिक शुल्क ३,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३,५४० रुपये, आणि अनामत ९,००० रुपये आहे. नोटीस १२ जूनला व्यवस्थापनाला मिळाली. करारात ‘नोटीस मिळाल्यापासून तीस दिवस’ असे असेल, तर मिळाल्याचा दिवस सोडून मोजणी १३ जूनपासून होते आणि मुदत १२ जुलैला संपते. ‘पूर्ण कॅलेंडर महिना’ असे असेल, तर जुलै हाच नोटिशीचा महिना ठरतो आणि जबाबदारी ३१ जुलैपर्यंत राहते. दुसऱ्या प्रकारच्या करारात हीच नोटीस ३१ मे रोजी पोचली असती, तर जूनअखेरीसच मोकळे होता आले असते. म्हणून असे कलम असल्यास महिना उजाडण्यापूर्वी नोटीस पोचती करण्यावर सारा भर द्यावा. करारात मुदतच लिहिलेली नसेल, तर एका पूर्ण महिन्याची द्यावी, म्हणजे वादाला जागा उरत नाही.

नोटीस लांबलचक असण्याची गरज नाही. पुढील मजकूर पुरेसा होतो:

‘दुसऱ्या तळघरातील बी-४७ क्रमांकाची राखीव पार्किंगची जागा मी आपल्यासोबत झालेल्या करारानुसार सोडत आहे. करारातील कलम ७ प्रमाणे ही तीस दिवसांची नोटीस असून माझी जबाबदारी १२ जुलै रोजी संपेल. त्या दिवशी सायंकाळी ५ वाजता मी जागेचा ताबा व प्रवेशाचे कार्ड परत देईन. अनामत रक्कम रुपये ९,००० (पावतीची प्रत सोबत जोडली आहे) आणि जुलै महिन्याच्या आगाऊ शुल्कातील उरलेली रक्कम खाली दिलेल्या बँक खात्यात जमा करावी. ही तारीख आपल्याला मान्य असल्याचे लेखी कळवावे.’

या मजकुराखाली गाडीचा क्रमांक, खात्याचा तपशील आणि सही असावी, आणि सोबत रद्द केलेला कोरा धनादेश जोडावा.

हे पत्र करारात लिहिलेल्या ईमेल पत्त्यावर पाठवावे आणि त्याची छापील प्रत कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. पोच म्हणजे शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही, अशा चारही गोष्टी. नुसती कोपऱ्यातली आद्याक्षरी सही पुढे कोणी ओळखत नाही. पोच देण्यास कोणी टाळाटाळ केल्यास त्याच दिवशी स्पीड पोस्टने पत्र पाठवून पोचवल्याचा पुरावा जपून ठेवावा. व्हॉट्सॲपवरील ‘ठीक आहे साहेब, बघतो’ या उत्तरावर मात्र विसंबू नये, कारण करारात लेखी नोटिशीची पद्धत ठरवून दिली असेल, तर मुदत कधी सुरू झाली हा वाद तेथूनच निघतो.

शुल्क यूपीआय ऑटोपे किंवा बँकेच्या स्थायी सूचनेने वळते होत असेल, तर ती सूचना शेवटचा देय हप्ता गेल्यानंतर रद्द करावी. आधी रद्द केल्यास विलंब शुल्क लागते आणि अनामतीतून कपात करायला आयते कारण मिळते.

ताबा परत देण्याचा दिवस

येथे अर्धा तास खर्च करणे सर्वांत फायद्याचे आहे. गाडी हलवल्यावर जागेची छायाचित्रे घ्यावीत. खांबावरचा किंवा जमिनीवरचा जागेचा क्रमांक, जमिनीवरील तेलाचे डाग, चाक अडवणारा रबरी किंवा लोखंडी स्टॉपर, मागची भिंत आणि शेजारच्या खांबाच्या कडा त्यांत स्पष्ट दिसाव्यात. कपातीची कारणे बहुतेक वेळा याच गोष्टींतून निघतात. जागा घेताना काढलेली छायाचित्रे असतील, तर ती सोबत ठेवावीत. तेलाचा ताजा डाग असेल, तर तो आधीच स्वच्छ करून घ्यावा, कारण त्याचा खर्च व्यवस्थापनाने लावलेल्या ‘साफसफाई शुल्का’पेक्षा बहुधा कमीच येतो.

यांत्रिक, मजली पार्किंग असेल, तर ज्या पॅलेटवर गाडी उभी राहते त्याचा क्रमांक चालकाकडून नोंदवून घ्यावा आणि पॅलेट रिकामे असल्याची सही मिळवावी. कार्ड, काचेवरचा आरएफआयडी टॅग, रिमोट आणि साखळी-कुलपाची किल्ली परत करताना प्रत्येक वस्तूची वेगळी नोंद असलेली पावती घ्यावी. गाडीचा क्रमांक बूम बॅरिअरच्या यादीतून काढल्याची खात्रीही करावी. तो यादीत राहिला आणि नवीन मालकाने किंवा कुटुंबातील कोणी गाडी पुन्हा आत नेली, तर ‘जागेचा वापर चालूच होता’ असा दावा उभा राहतो.

हिशेबपत्रक तपासणे

वरील उदाहरणात जुलैचे ३,५४० रुपये आधीच भरले गेले आहेत. बारा दिवसांचे शुल्क ३,५४० भागिले ३१ गुणिले १२, म्हणजे सुमारे १,३७० रुपये होते आणि २,१७० रुपये परत यायला हवेत. अनामतीसह एकूण येणे ११,१७० रुपये. समजा, कंत्राटदाराने पूर्ण जुलै आणि स्टॉपर बदलण्याचे १,५०० रुपये कापून ७,५०० रुपये पाठवले. फरक ३,६७० रुपयांचा आहे. अर्धवट महिन्याचे शुल्क परत मिळणार नाही असे कलम करारात असेल, तर २,१७० रुपयांचा आग्रह सोडावा लागेल. तसे कलम नसेल, तर दिवसांच्या प्रमाणात मागणी योग्य ठरते. स्टॉपरसाठी मात्र त्याच्या खरेदीचे बिल आणि मोडतोडीचे छायाचित्र मागावे, आणि आपल्याकडील ताबा देण्याच्या दिवसाचे छायाचित्र उत्तरासोबत जोडावे. परतफेडीची अनामत ही भाड्याचा मोबदला नसते, म्हणून सरसकट सगळ्या अनामतीवर जीएसटी कापलेला दिसल्यास हरकत घ्यावी. शुल्काची खरी थकबाकी अनामतीतून वळती केली असेल, तर त्या थकबाकीवरील कर मात्र योग्य आहे.

मुदतीपूर्वी सोडल्यास पूर्ण अनामत जप्त, असे कलमही काही करारांत असते. ते पाहून लगेच हार मानण्याचे कारण नाही. भारतीय करार अधिनियमाच्या कलम ७४ नुसार करारभंगाबद्दल वाजवी भरपाईच मिळू शकते, आणि करारात लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. जागा सोडताच व्यवस्थापनाने ती दुसऱ्याला दिली असेल, तर त्यांचे नुकसान थोडक्या दिवसांचेच झाले. म्हणून जागेवर दुसरी गाडी उभी असल्याचे तारखेसह छायाचित्र ठेवावे आणि ज्या दिवसापासून जागा पुन्हा दिली गेली त्या दिवसापासूनचे शुल्क मागू नये, असे लेखी सांगावे.

पैसे आले नाहीत तर

करारातील परताव्याची मुदत उलटल्यावर पंधरा दिवसांची लेखी मागणी पाठवावी. तीत रक्कम, हिशेब आणि सोबतच्या कागदांची यादी द्यावी. आपण सोसायटीचे सभासद किंवा गाळेधारक असाल, तर तिच्या सचिवालाही प्रत द्यावी, कारण कंत्राटदाराचे पुढील बिल रोखून धरण्याचे साधन त्यांच्याच हाती असते, आणि प्रत्यक्षात बहुतेक प्रकरणे याच टप्प्यावर सुटतात.

तरीही उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. सेवेचे मूल्य पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास तेथे दाखल शुल्क लागत नाही, तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. वैयक्तिक वापरासाठी किंवा स्वयंरोजगारासाठी घेतलेल्या पार्किंगच्या बाबतीत हा मार्ग सोयीचा आहे. कंपनीने आपल्या व्यवसायासाठी घेतलेल्या जागांबाबत मात्र ‘व्यापारी हेतू’चा आक्षेप येऊ शकतो. तेथे वकिलामार्फत नोटीस देऊन दिवाणी दावा करणे अधिक सुरक्षित ठरते आणि त्याची मुदत साधारणतः तीन वर्षांची असते.

तक्रारीसोबत करार, अनामतीची पावती, पोच असलेली नोटीस, ताबा-पावती, छायाचित्रे आणि बँकेचा उतारा तारखेच्या क्रमाने लावावेत.