दुसऱ्या विभागाकडून रिपोर्टसाठी डेटा मागवताना

‘एप्रिल ते जूनमध्ये परत आलेल्या मालाचा डेटा पाठवा’ एवढाच मेल गोदाम विभागाला गेला, तर बहुतेक वेळा महिन्यागणिक बेरजांची पीडीएफ हाती पडते. त्यात त्यांची चूक नसते. काय हवंय हे आपणच सांगितलेलं नसतं.

मेल लिहिण्याआधी रिपोर्टमधला तक्ता रिकामाच आखून पाहा. कोणती वस्तू कोणत्या कारणाने परत येते हे दाखवायचं असेल, तर पाच रकाने पुरतात: ऑर्डर क्रमांक, वस्तूचा कोड, नग, परत आल्याची तारीख आणि कारण. ग्राहकाचं नाव किंवा फोन लागत नाही. ते नको, असं स्पष्ट लिहा. नाहीतर परवानगीच्या घोळात आठवडा जातो.

मग उद्देश सांगा, कारण डेटातली मेख त्यांनाच ठाऊक असते. ‘कारणांनुसार वर्गवारी करायची आहे’ हे कळलं की ते सांगतील, कारणाचा रकाना माल तपासल्यावरच भरला जातो, त्यामुळे जूनअखेरीस आलेल्या मालापुढे तो कोरा असेल. तारखेचंही तसंच. माल गोदामात आला ती तारीख वेगळी आणि पैसे परत केले ती वेगळी. यांतली कोणती हवी हे ठरवल्याशिवाय दोन विभागांचे आकडे जुळत नाहीत.

फॉर्मॅट शब्दांत समजावत बसू नका. रकान्यांची नावं आणि दोन नमुना ओळी भरलेली एक्सेल फाइलच जोडा. एका ओळीत एकच परत आलेली वस्तू, मध्ये बेरजेच्या ओळी नकोत, जोडलेले सेल नकोत. तारीख ०३-एप्रिल अशी लिहायला सांगा. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, यावरून नंतर डोकं धरायची पाळी येते.

मुदत उलटी मोजा. रिपोर्ट २० जुलैला द्यायचा, लिहायला तीन दिवस आणि तपासायला दोन, म्हणजे डेटा १४ ला हवा. महिन्याचा पहिला आठवडा त्यांचा साठा मोजण्यात जातो, म्हणून मेल जूनच्या शेवटीच टाका. मजकूर असा चालेल:

‘एप्रिल–जून तिमाहीत माल परत येण्याच्या कारणांचा रिपोर्ट २० जुलैला द्यायचा आहे. सोबतच्या फाइलप्रमाणे माहिती १४ जुलैपर्यंत हवी आहे. दहा ओळींचा नमुना ८ तारखेपर्यंत मिळाला तर काही शंका असल्यास वेळेत विचारता येतील. ही तारीख अवघड असेल तर कोणती जमेल ते कळवा.’

‘तातडीचे’ हा शब्द टाळलेलाच बरा. सगळेच तो लिहितात.

डेटा आला की सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी तारीख पाहा, एकूण ओळी त्यांच्याकडून पडताळून घ्या. १४ ला फक्त एप्रिल-मेच मिळत असेल, तर तेवढं घेऊन काम सुरू करा आणि जून आला नाही, तर तक्त्याखाली तशी टीप द्या.