क्रॅश कार्टचं सील शाबूत, तरी आत मुदत संपलेलं औषध: माझा अनुभव

आमच्या वॉर्डात क्रॅश कार्टच्या, म्हणजे तातडीच्या औषधांच्या ढकलगाडीच्या, सीलचा नंबर रोज रजिस्टरशी जुळायचा, सही व्हायची. तरीही महिन्याच्या तपासणीत मुदत संपलेलं एखादं ॲम्प्युल निघायचंच. वैताग यायचा. यादी मोठी करून पाहिली, रोज सील तोडून मोजणी केली. त्यात सीलच संपत आले.

कारण साधं होतं. सील फक्त कार्ट उघडली गेली नाही एवढंच सांगतं, आतली तारीख सांगत नाही.

आता क्रम असा. पेशंट स्थिर असताना दोघी सिस्टर मिळून सील तोडतो. एकीने ॲम्प्युलवरची तारीख मोठ्याने वाचायची, दुसरीने लिहायची. खोक्यावरची वाचायची नाही, कारण घाईत ॲट्रोपिनचं सुटं ॲम्प्युल दुसऱ्या बॅचच्या खोक्यात जातं. ‘११/२०२६’ म्हणजे नोव्हेंबरअखेर. सगळ्यांत जवळची तारीख आणि औषधाचं नाव टॅगवर लिहून तो सीलशेजारी बाहेर लावायचा. समजा ॲड्रेनालिन नोव्हेंबरचं आणि बाकी सगळं पुढच्या वर्षीचं, तर टॅगवर ॲड्रेनालिनच. मग नवं सील, आणि रजिस्टरात एकाच ओळीत जुना नंबर, नवा नंबर, उघडण्याचं कारण, दोन सह्या.

रोज सीलचा नंबर आणि टॅग दोन्ही वाचतो. टॅगवरचा महिना लागण्याआधीच फार्मसीतून बदली मागवतो. कार्ट वापरली की टॅग फाडायचा, नव्याने लिहायचा.

सक्सिनिलकोलीन फ्रिजमध्ये असतं, त्याला हा टॅग लागू नाही. त्याची नोंद फ्रिजच्या दारावर, वेगळी.