किती पदं मिळवायची हेच ठाऊक नसेल, तर बेरजेचं अपेक्षित मूल्य कसं काढावं?

वाहनविम्याचं काम पाहणाऱ्याला दर महिन्याला एक आकडा हवा असतो: या महिन्यात दाव्यांपोटी सरासरी किती रक्कम द्यावी लागेल? अडचण दुहेरी आहे. प्रत्येक दाव्याची रक्कम अनिश्चित असते आणि दावे किती येतील तेही अनिश्चित असतं. दाव्यांची संख्या N, रकमा X₁, X₂, … आणि एकूण रक्कम S = X₁ + … + X_N असं लिहू. N शून्य असेल तर S शून्य.

हिशोबासाठी आकडे गृहीत धरू. महिन्यात 0, 1, 2, 3 दावे येण्याची संभाव्यता अनुक्रमे 0.2, 0.3, 0.3, 0.2 आहे. एका दाव्याची रक्कम 0.7 संभाव्यतेने 5,000 रुपये, 0.2 ने 10,000 आणि 0.1 ने 45,000 आहे. म्हणजे E[N] = 0.3 + 0.6 + 0.6 = 1.5 आणि E[X] = 3,500 + 2,000 + 4,500 = 10,000 रुपये. रकमा एकमेकींपासून आणि दाव्यांच्या संख्येपासूनही स्वतंत्र आहेत असं मानू.

पहिली पायरी: N गोठवा. महिना संपला, बरोबर 2 दावे आले, पण पाकिटं अजून उघडलेली नाहीत, असं समजा. आता बेरजेत ठरलेली दोनच पदं उरली, म्हणून E[S | N=2] = 20,000. कोणत्याही n साठी E[S | N=n] = n·E[X]. स्वातंत्र्याचं गृहीतक नेमकं इथे लागतं. 2 दावे आले हे कळल्यावरही प्रत्येक दाव्याची सरासरी 10,000 च राहते, असं आपण इथे म्हणतो आहोत. गणित लिहिताना ही ओळ वगळू नका, कारण पुढे काही बिघडलं तर ते बहुधा इथेच बिघडलेलं असतं.

दुसरी पायरी: n च्या जागी N परत ठेवा. E[S | N] = N·E[X] = 10,000·N. हा एक ठरलेला आकडा नसून यादृच्छिक चल आहे: 0, 10,000, 20,000 किंवा 30,000. विद्यार्थी इथेच घाईने E[N]·E[X] लिहून मोकळे होतात. उत्तर तेच येतं, पण मग तिसऱ्या पायरीला करायला काही उरत नाही आणि युक्तिवाद अर्धवट राहतो.

तिसरी पायरी: टॉवर गुणधर्म वापरा. E[S] = E[ E[S | N] ]. आधी प्रत्येक N साठी सरासरी काढायची, मग त्या सरासऱ्यांची N च्या संभाव्यतांनुसार सरासरी काढायची. E[X] स्थिर असल्यामुळे बाहेर येतो आणि E[S] = E[N]·E[X] = 1.5 × 10,000 = 15,000 रुपये. सूत्राशिवाय पडताळून पाहा: 0.3 × 10,000 + 0.3 × 20,000 + 0.2 × 30,000 = 3,000 + 6,000 + 6,000 = 15,000. (N ला वरची मर्यादा नसेल, तर E[N] आणि E[|X|] दोन्ही सान्त आहेत हे आधी पाहावं.)

एक सावधगिरी: S म्हणजे N·X नव्हे. इथे दोघांचं अपेक्षित मूल्य सारखं येतं, पण N·X मध्ये एकच रक्कम N वेळा मोजली जाते. त्यामुळे चढउतार मोजायला गेलात की उत्तर चुकतं.

आता स्वातंत्र्य नसेल तर? फासा टाकत राहा आणि पहिला 6 पडला की थांबा. तो 6 धरून सगळ्या अंकांची बेरीज S. इथे फेकींची संख्या N अंकांवरच ठरते, म्हणून पहिली पायरी जशीच्या तशी चालत नाही. N=n दिलं की शेवटचा अंक नक्की 6 असतो आणि आधीचे n−1 अंक 1 ते 5 मधले, म्हणजे सरासरी 3 चे. म्हणून E[S | N] = 3(N−1) + 6 = 3N + 3. टॉवर गुणधर्माला स्वातंत्र्य लागतच नाही, त्यामुळे तिसरी पायरी शाबूत राहते. E[N] = 6, म्हणून E[S] = 21.

गंमत म्हणजे 6 × 3.5 सुद्धा 21 च आहे. हा योगायोग नाही. अब्राहम वाल्ड यांच्या नावाने ओळखली जाणारी नित्यसमानता सांगते की फेकी एकमेकींपासून स्वतंत्र आणि एकाच वितरणाच्या असतील, थांबायचं की नाही हे आतापर्यंतच्या निकालांवरूनच ठरत असेल आणि E[N] सान्त असेल, तर गुणाकाराचं सूत्र टिकतं.

पण शेवटचा 6 बेरजेतून वगळून पाहा. पदं उरली N−1, त्यांची सरासरी संख्या 5, आणि आंधळेपणाने गुणाकार केला तर 17.5. खरं उत्तर E[3(N−1)] = 15. कुठली फेक मोजायची शेवटची आहे, हे कळायला तिच्या पुढची फेक पाहावी लागते, आणि वाल्ड यांची अट नेमकी तिथेच मोडते.