दुखवट्यानंतरचा आभाराचा मजकूर कसा लिहावा

घरातले माणूस गेल्यानंतर आप्तांचे आभार मानणारा मजकूर पन्नास ते साठ शब्दांचा असावा, तो दिवसकार्य आटोपल्यावर पाठवावा आणि त्याखाली एका व्यक्तीची नव्हे, तर कुटुंबाची सही असावी. तेराव्याच्या आत तो पाठवू नये, कारण तोवर माणसे भेटायला येतच असतात आणि आधीच आभार मानले की पुढे येणाऱ्याला उगीच उशीर झाल्यासारखे वाटते. महिन्याच्या पुढेही तो लांबवू नये.

नावाआधी काय लिहायचे, हे घरातल्या रीतीवर सोडावे. सर्रास ‘कै.’ लावण्याची सवय आपल्याला आहे. पण वारकरी घरात ‘वै.’ म्हणजे वैकुंठवासी लिहितात, बौद्ध कुटुंबात ‘कालकथित’ आणि मराठी ख्रिस्ती घरात ‘ख्रिस्तवासी’. मजकूर दुसऱ्या कुणासाठी लिहून देत असाल, तर हे आधी विचारून घ्यावे. ‘दुःखद निधन’ मात्र कुणीच लिहू नये; घरच्या माणसाचे निधन दुःखद असते, हे कुणाला सांगावे लागत नाही. वरती ‘श्री’ही घालू नये. पूर्वी अशुभाच्या पत्रावर तो घालत नसत आणि जुनी माणसे आजही ते पाहतात.

पहिले वाक्य निधनाचे, शेवटचे आभाराचे, आणि ही दोन्ही वाक्ये कुणालाही जमतात. अडते ते मधल्या वाक्यापाशी, म्हणजे लोकांनी नेमके काय केले हे सांगणाऱ्या वाक्यापाशी. तिथे बहुतेक जण ‘आपण प्रत्यक्ष भेटून, दूरध्वनीद्वारे व समाजमाध्यमांद्वारे आमचे सांत्वन केलेत’ हे तयार वाक्य ठेवून देतात. त्यात खोटे काही नसते. पण ज्याने पहाटे तीन वाजता गाडी काढली, त्याला त्यात स्वतःचे काहीच सापडत नाही. या वाक्याला कंटाळून काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि नावे घालतात. मीही एकदा तेच केले.

वडील गेले तेव्हा मी आभाराच्या मजकुरात अकरा नावे लिहिली होती. रक्तदाते, डॉक्टरमित्र, पुण्याहून रात्रीत आलेले मामा, अशी सगळी आठवून लिहिली आणि समोरच्या दारातले काका राहून गेले. अंत्यविधीच्या पाससाठी वडिलांचे कागद घेऊन तेच धावले होते आणि आम्ही सगळे वडिलांजवळ बसून असल्यामुळे ते कुणी पाहिलेच नव्हते. काका काही बोलले नाहीत. महिन्याभराने काकू जिन्यात माझ्या पत्नीला हसून म्हणाल्या, “आमचं काय, आम्ही शेजारीच.” त्यावर मी सुधारित मजकूर पाठवला, ही दुसरी आणि मोठी चूक, कारण एक नाव वाढल्याबरोबर आणखी दोघांना आपले नाव नसल्याचे लक्षात आले. तेव्हापासून माझे मत पक्के आहे: सर्वांना जाणाऱ्या मजकुरात एकही नाव घालू नये. ‘कुणाचे नाव अनवधानाने राहिल्यास क्षमस्व’ ही ओळ तर मुळीच नको, कारण ज्याचे राहिले त्याला ती वाचूनच ते कळते.

मग नावे न घालता माणसे ओळखू कशी यावीत? यासाठी मी जे करतो, ते कागदावर करावे लागते. आधी कोणी काय केले याची यादी घरातल्या दोघातिघांना विचारून काढावी, कारण एकट्याला सगळे दिसलेले नसते. मग यादीतली नावे खोडून फक्त कामे ठेवावीत. त्यांतली तीन कामे निवडावीत: एक अनेकांनी केलेले, एक कष्टाचे, आणि एक असे की जे कुणाच्या फारसे लक्षात आले नसेल. हे तिसरे काम सोडू नये, कारण ते करणाऱ्या माणसाला आपण पाहिले गेलो, हे तेवढ्यानेच कळते.

निवडलेली कामे ‘आपण’ या शब्दाला जोडली की वाक्य फसते. शेजारच्या कुटुंबातली आई अठरा दिवस रुग्णालयात राहून गेली, तेव्हा त्यांच्या मुलाने लिहिलेला पहिला मसुदा असा होता: ‘आपण रात्री रुग्णालयात थांबलात, रक्त दिलेत, डबे पोहोचवलेत.’ हा मजकूर दीडशे जणांना जाणार होता आणि त्यांतल्या चौघांनी रक्त दिले होते. उरलेल्यांना न केलेल्या कामाचे श्रेय वाचून अवघडल्यासारखे होते, आणि ज्यांनी केले त्यांचे काम सगळ्यांत वाटले जाते. आपल्या भाषेत यावर सरळ उपाय आहे, तो म्हणजे ‘कोणी… कोणी…’ अशी रचना. त्या मुलाचा मजकूर शेवटी असा झाला:

‘आमच्या आईचे, कै. (नाव) यांचे, (दिनांक) रोजी निधन झाले. तिच्या आजारपणात कोणी रात्री रुग्णालयात थांबले, कोणी रक्त दिले, कोणी न विचारता दाराशी डबा ठेवून गेले. ती गेल्यानंतर अनेकांनी येऊन, तर दूर असलेल्यांनी फोन करून आमची विचारपूस केली. आपणा सर्वांचे आम्ही मनापासून आभारी आहोत. (आडनाव) कुटुंबीय.’

डबा कुणाचा, हे ठेवणाऱ्याला बरोबर कळले. ज्यांनी यांपैकी काहीच केले नव्हते, त्यांना फोनच्या ओळीत जागा मिळाली. ‘ज्यांना येणे शक्य झाले नाही त्यांचेही आभार’ हे त्या मुलाला घालायचे होते. ते मी काढायला लावले, कारण न आलेल्याला ते टोमण्यासारखे लागते. ‘आभार न मानता आम्ही आपल्या ऋणातच राहू इच्छितो’ हे वाक्यही काढले. समारंभाच्या सूत्रसंचालकांनी ते इतके वापरले आहे की दुखवट्यात ते शोभत नाही. आजाराची हकीकत, रुग्णालयाविषयीची तक्रार, कविता आणि हार घातलेले छायाचित्र यांनाही या मजकुरात जागा नाही.

ज्यांची नावे खोडली, त्यांना स्वतंत्र दोन ओळी लिहाव्यात आणि वडीलधाऱ्यांना फोनच करावा. इथे मात्र नेमके काम सांगावे: ‘काका, त्या दिवशी पाससाठी आपण धावलात म्हणून आम्हाला बाबांजवळून उठावे लागले नाही.’ हे सामाईक मजकुराच्या आधी पोहोचावे, नाहीतर ते मागाहून आठवल्यासारखे दिसते.

पाठवण्यासाठी सणाचा दिवस टाळावा. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतून पाठवत असाल, तर ज्यांच्या फोनमध्ये तुमचा क्रमांक साठवलेला नाही त्यांना तो संदेश पोहोचतच नाही, हे ध्यानात ठेवावे. अनेकदा हा क्रमांक गेलेल्या व्यक्तीचाच साठवलेला असतो, तुमचा नव्हे. आईच्या मैत्रिणी, वडिलांचे कार्यालयातले सहकारी अशा मंडळींना म्हणून एकेकट्याने पाठवावे, आणि खाली आपण कोण, हे एका ओळीत लिहावे.