रिटायरमेंटचे पैसे किती वर्षं पुरतील? आधी वाईट वर्षं आली तर काय होतं ते शीट मांडून बघा

आमचे काका सांगलीत विश्रामबागला राहतात. रिटायर झाले तेव्हा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि थोडी जुनी एफडी असं सगळं मिळून हातात ५० लाख आले. पेन्शन नाही. घर स्वतःचं, त्यामुळे महिन्याला २५ हजार म्हणजे वर्षाला ३ लाख घरखर्चाला लागणार असा त्यांचा हिशोब. कुणीतरी सांगितलं की सगळे म्युच्युअल फंडात टाका आणि एसडब्ल्यूपी लावा, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम फंडातून आपोआप बँकेत येते. सरासरी ९ टक्के धरा, महागाई ६ टक्के धरा, पैसे ८२ व्या वर्षापर्यंत पुरतात, असा कागद पण त्यांना दिला होता.

तो कागद मी तपासला, गणित बरोबर होतं, जवळपास २२ वर्षं निघतात. पण त्यात दरवर्षी बरोब्बर ९ टक्के मिळणार असं धरलेलं, आणि बाजार तसा कधीच चालत नाही. सरासरी तीच राहिली तरी वाईट वर्षं आधी आली की नंतर आली यावर पैसे किती दिवस टिकणार हे ठरतं. नोकरीत असताना आधीच्या वाईट वर्षांचा एवढा फटका बसत नाही कारण तेव्हा आपण पैसे घालत असतो, काढायला लागलो की मात्र क्रमाला महत्त्व येतं. हे स्वतःच्या आकड्यांवर कसं बघायचं ते खाली सांगतो, मोबाईलवरच्या शीटमध्ये पण होतं.

पहिली पायरी : शीट मांडा

पाच कॉलम करा. A मध्ये वर्ष, B मध्ये वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक, C मध्ये त्या वर्षी काढायची रक्कम, D मध्ये त्या वर्षीचा परतावा, E मध्ये वर्षअखेरची शिल्लक. पहिली ओळ कॉलमच्या नावांना ठेवा, दुसऱ्या ओळीत B2 ला 5000000 आणि C2 ला 300000 टाका, D कॉलम हाताने भरायचा, टक्क्याच्या चिन्हासकट, म्हणजे 9% किंवा -30% असा, बाकी हे तीन फॉर्म्युले पुरतात:

```
E2:  =(B2-C2)*(1+D2)
B3:  =E2
C3:  =C2*1.06
```

E2 चा फॉर्म्युला E3 मध्ये कॉपी करा आणि मग तिसरी ओळ खाली ३१ व्या ओळीपर्यंत ओढा, म्हणजे ३० वर्षं होतात. 1.06 म्हणजे ६ टक्के महागाई. आपण खर्चाची रक्कम वर्षाच्या सुरुवातीलाच बाजूला काढतोय असं यात धरलंय, आणि टॅक्स धरलेला नाही, तो तुमचा तुम्ही C मध्ये मिळवा.

C मध्ये खर्चाचा आकडा टाकताना पेन्शन, भाडं, शेतीचं उत्पन्न असं जे येणार असेल ते आधी वजा करा. आणि तीसच्या तीस ओळी ठेवाच, कारण काकू काकांपेक्षा पाच वर्षांनी लहान आहेत, पैसे त्यांना पुरायला हवेत, आणि बहुतेकजण हिशोब फक्त नवऱ्याच्या वयाचा करतात.

दुसरी पायरी : तीच वर्षं दोन क्रमांनी टाका

इथे खरी गंमत कळते. D कॉलममध्ये पहिली पाच वर्षं अशी टाका: वजा ३०, वजा १०, अधिक १५, अधिक २५, अधिक ३०. सहाव्या वर्षापासून सरळ ९ टक्के. मग शीटची एक कॉपी काढून तीच पाच वर्षं उलटी टाका, म्हणजे आधी अधिक ३० आणि शेवटी वजा ३०.

एक रुपयाही काढला नाही तर दोन्हीकडे पाच वर्षांनी ५० लाखाचे ५८ लाख ८७ हजारच होतात, कारण गुणाकार कुठूनही केला तरी उत्तर तेच. आता वर्षाला ३ लाख काढायला लागा. चांगली वर्षं आधी आली तर पाच वर्षांनी ४५ लाख उरतात आणि पैसे १८ वर्षं पुरतात. वाईट वर्षं आधी आली तर पाच वर्षांनी फक्त ३३ लाख, आणि पंधराव्या वर्षाच्या सुरुवातीला खात्यात सव्वा लाखाच्या आत शिल्लक आणि लागणार पावणेसात लाख. म्हणजे १४ वर्षांत संपलं. परतावे तेच, माणूस तोच, खर्च तोच, फरक चार वर्षांचा.

काकांना हे पटेना, ते म्हणाले, "अरे बाजार परत वर आला ना, मग माझे पैसे का नाही आले वर?" म्हणून युनिटमध्ये सांगितलं. एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटचा भाव, १०० असताना २५ हजारासाठी २५० युनिट विकावे लागतात. एनएव्ही ७० झाली की त्याच २५ हजारासाठी ३५७ युनिट जातात. ते जादाचे १०७ युनिट कायमचे गेले, बाजार वर येतो तेव्हा ते आपल्याकडे नसतातच. घरात पैसा लागला म्हणून बेण्याचा ऊस कारखान्याला घातला तर पुढच्या लागणीला काय लावणार, तसंच आहे हे, असं म्हटल्यावर लगेच समजलं त्यांना, शेतकऱ्याचा मुलगा आहे शेवटी.

आणि हे नुसतं कागदावरचं नाही. डिसेंबर २००७ अखेर सेन्सेक्स २०,२८७ होता, २००८ अखेर ९,६४७ वर आला, आणि २०१० अखेर परत २०,५०९. तीन वर्षांत सगळं भरून निघालं असं वाटतं. पण जानेवारी २००८ ला कुणी ५० लाख घेऊन बसला असता आणि पहिल्या वर्षी ३ लाख, मग दरवर्षी ६ टक्के वाढवून काढले असते, तर सेन्सेक्सच्या चालीने (डिव्हिडंड सोडून) २०१० अखेर त्याच्याकडे साधारण ३६ लाख ८० हजार उरले असते. घरखर्चाला गेले साडेनऊ लाख, आणि खड्डा पडला तेरा लाखाच्या वर.

तिसरी पायरी : काढायची पद्धत बदलून बघा

आता वाईट वर्षं आधी हा क्रम तसाच ठेवायचा, कारण तयारी त्याचीच करायची आहे, आणि C कॉलममध्ये बदल करायचे.

पहिला बदल सोपा. ज्या वर्षी बाजार पडला त्याच्या पुढच्या वर्षी खर्चात ६ टक्के वाढ करायची नाही, मागच्या वर्षीचीच रक्कम काढायची. आपल्या उदाहरणात दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी ३ लाखच. चौथ्या वर्षापासून नेहमीसारखी वाढ, पण मागे राहिलेली वाढ भरून काढायची नाही. एवढ्यानं पैसे १४ ऐवजी १६ वर्षं पुरतात. दोन वर्षं गाडी, लग्नाचे आहेर, टूर जरा आवरायच्या, त्यात दोन वर्षं मिळतात.

दुसरा बदल म्हणजे पैसे दोन डब्यांत ठेवायचे. १२ लाख एफडीत साडेसहा टक्क्यांनी आणि ३८ लाख इक्विटीत, म्हणजे शेअर बाजाराच्या फंडात. बाजार सावरेपर्यंत घरखर्च एफडीतून, इक्विटीला हात लावायचा नाही. वाईट क्रमात हे १२ लाख जवळपास चार वर्षं पुरतात, तोपर्यंत इक्विटी पडून परत ३४ लाखाच्या वर आलेली असते. पाच वर्षांनी एकूण ४० लाख उरतात (आधी ३३ होते) आणि खर्च एक रुपयाही न कापता पैसे १६ वर्षं आणि वर सहाएक महिने टिकतात.

यात एक किंमत आहे ती मान्य करूनच हे करायचं: सुरुवातीची वर्षं चांगली गेली तर त्या १२ लाखांवर ३० टक्क्यांऐवजी साडेसहाच मिळणार. विम्याचा हप्ता समजा तो. एफडी एकच मोठी करू नका, ३-३ लाखाचे चार भाग करा, एक बचत खात्यात हाताशी आणि बाकी तिघांच्या एक, दोन, तीन वर्षांनी सुटतील अशा एफडी. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक योजना चांगली आहे, व्याज दर तिमाहीला येतं, पण मुद्दल पाच वर्षांसाठी अडकतं आणि आधी काढलं तर कपात होते, म्हणून हा डबा पूर्ण त्यात ठेवू नये.

या डब्याच्या बाबतीत लोक दोन ठिकाणी चुकतात. एक म्हणजे बाजार पडला की भीतीनं इक्विटी विकून एफडी भरतात, म्हणजे नेमकं जे टाळायचं तेच करतात. दुसरं म्हणजे चांगली दोन-तीन वर्षं गेली तरी रिकामा डबा परत भरत नाहीत, आणि पुढची पडझड आली की हात रिकामे. चांगल्या वर्षानंतरच भरायचा.

तिसरा बदल सगळ्यात जड आणि सगळ्यात परिणामकारक: पहिल्या वर्षीच कमी काढायचे. ३ ऐवजी २ लाख, बाकी काही नाही, डबा पण नाही, तर त्याच वाईट क्रमात पैसे १४ ऐवजी जेमतेम २५ वर्षं पुरतात. ५० लाखांवर २ लाख म्हणजे ४ टक्के. हा ४ टक्क्यांचा आकडा अमेरिकन आर्थिक सल्लागार विल्यम बेंगन यांनी १९९४ मध्ये अमेरिकेतल्या बाजाराच्या जुन्या आकड्यांवरून ३० वर्षांसाठी काढला होता. आपल्याकडची महागाई आणि व्याजदर वेगळे, म्हणून तो डोळे मिटून घेऊ नका, शीटमध्ये स्वतःच्या महागाईनं तपासा. 1.06 चं 1.07 करून बघा, किती वर्षं उडतात ते लगेच दिसतं.

चौथी पायरी : दर एप्रिलला एक भागाकार

एकूण शिल्लक भागिले त्या वर्षीचा खर्च. किती वर्षांचा खर्च हातात आहे हे कळतं. काकांचा सुरुवातीचा आकडा ५० भागिले ३, म्हणजे साडेसोळाच्या थोडा वर. वाईट क्रमात तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला तोच आठाच्या खाली येतो, चांगल्या क्रमात एकवीसच्या वर जातो. वय ६२ आणि हातात आठ वर्षांचा खर्च, हे दिसलं की तिथेच थांबायचं आणि वाढ बंद करायची, पंधराव्या वर्षाची वाट बघायची नाही. पहिली सात-आठ वर्षं हा आकडा नीट राहिला तर नंतरच्या पडझडीचा एवढा धक्का बसत नाही, कारण पुढे काढायची वर्षंच कमी उरलेली असतात.

काकांनी डबा आणि पडलेल्या वर्षानंतर वाढ बंद, हे दोन्ही एकत्र करून बघितलं तर वाईट क्रमातही जवळजवळ १९ वर्षं आली. तरी काकूंच्या वयाच्या हिशोबानं कमीच. मग काकूच म्हणाल्या की वरची खोली नुसतीच पडून आहे, कॉलेजच्या पोरांना देऊया, महिना आठ हजार तरी येतील. म्हणजे ५० लाखातून वर्षाला काढायचे राहिले २ लाख ४ हजार. गेल्या महिन्यात काकांनी एसडब्ल्यूपीची रक्कम कमी केली, एफड्या केल्या, आणि शीटची प्रिंट काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे.