आई-वडिलांच्या दुराव्यासाठी टॅरोची मांडणी: या चुका टाळा

आई किंवा वडील गेले असतील, किंवा असूनही बोलणे तुटले असेल, अशा वेळच्या मांडणीत सर्वांत मोठी चूक पत्ते पिसण्याआधीच होते. ‘त्यांच्या मनात माझ्याविषयी काय आहे’ या प्रश्नाला एक जागा दिली जाते, आणि मग दुखावलेल्या मनाला जे हवे असते तेच त्या पत्त्यात दिसू लागते.

वडोद्यात दांडिया बाजारात राहणाऱ्या एका ताईंचे वडील लग्नावरून दुरावले होते. कोणीतरी या जागेवर आलेला किंग ऑफ कप्स दाखवून ‘बाबा आतून विरघळले आहेत’ असे त्यांना सांगितले. दिवाळीत त्या फराळाचा डबा घेऊन माहेरी गेल्या. दार उघडले नाही, आणि शेजाऱ्यांच्या देखत त्यांना जिना उतरावा लागला.

त्या माझ्याकडे आल्या तेव्हा मी ती जागाच काढून टाकली. मी चारच पत्ते मांडते: आज मी काय वागवते आहे, या नात्यातले काय अजून माझे आहे, माझ्याकडून काय बोलायचे राहिले, आणि या आठवड्यात मला कशाचा आधार आहे.

पहिल्या जागेवर फाइव्ह ऑफ कप्स आला. पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारलेल्या 1909 च्या रायडर-वेट संचात काळा झगा पांघरलेली व्यक्ती मान खाली घालून उभी आहे, पुढे तीन कप सांडले आहेत, मागे दोन उभे आहेत. उतावळे नवशिके येथे लगेच ‘मागे वळून बघा’ म्हणतात. मला ते निर्दयपणाचे वाटते. मी ताईंना सांडलेल्या कपांना एकेक नाव द्यायला सांगितले. न झालेले कन्यादान, न उचललेला फोन, नातवाचे न पाहिलेले बारसे, असे त्या म्हणाल्या. दुसरा सिक्स ऑफ कप्स पाहून त्यांना वडिलांनी शिकवलेली पेटी आपणहून आठवली.

तिसरा एम्परर. सिंहासन दिसले की ‘हे वडील!’ असे म्हणून मोकळे होणे ही माझी दुसरी नावडती चूक. जागा ताईंच्या न बोललेल्या गोष्टीची होती, म्हणून तो पत्ता त्यांनी कधीच न घातलेल्या अटीचा ठरला: येईन तर नवऱ्यासह येईन. हे त्यांनी वहीत लिहिले. कळवायचे की नाही, ते त्यांच्यावर सोडले. चौथा फोर ऑफ सोर्ड्स विश्रांतीचा, त्यामुळे त्या आठवड्यात माहेरच्या दारी जायचे नाही, एवढेच ठरले.

मनासारखे आले नाही म्हणून ‘स्पष्टीकरणासाठी’ आणखी पत्ते ओढू नयेत. उलटे पत्ते या मांडणीत मी सरळच करून घेते. शोक ताजा असेल तर डेथ हा पत्ता आधी बाजूला काढावा का, हे विचारावे; शुद्धतावादी नाके मुरडतील, मुरडू द्यावीत. तेराव्याच्या आत मी मांडणी करत नाही, आणि समोरच्याची झोप व जेवण बऱ्याच दिवसांपासून सुटले असेल तर पत्ते गुंडाळून त्यांना डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे पाठवते.