गोलाचे घनफळ वृत्तचिती आणि दोन शंकूंवरून काढताना या चुका टाळा

गोलाचे घनफळ (४/३)πr³ असते हे पाठ असणारे पुष्कळ भेटतात. ते वृत्तचितीतून दोन शंकू वजा करून कसे मिळते असे विचारले, की त्यांतील बरेच जण घाईघाईने एक आकृती काढतात, २πr³ मधून (२/३)πr³ वजा करतात आणि मोकळे होतात. उत्तर बरोबर येते आणि घात नेमका तिथेच होतो, कारण या सिद्धतेत आकृती चुकली तरी उत्तर चुकत नाही. वह्या तपासताना मी म्हणूनच शेवटची ओळ सर्वांत शेवटी वाचतो.

आधी मांडणी नीट पाहू. एका बाजूला r त्रिज्येचा गोल घ्यावा आणि त्याच पातळीवर शेजारी r त्रिज्येची, २r उंचीची वृत्तचिती उभी करावी. वृत्तचितीच्या वरच्या आणि खालच्या तोंडाला ज्यांचे पाये आहेत आणि ज्यांची टोके वृत्तचितीच्या मध्यबिंदूपाशी एकमेकांना टेकतात, असे r उंचीचे दोन शंकू आतून कोरून काढावेत. कोरलेला भाग डमरूसारखा दिसतो. आता मधल्या प्रतलापासून h अंतरावर दोन्ही घनाकृती आडव्या कापाव्यात. गोलाचा छेद हे वर्तुळ असते आणि पायथागोरसच्या प्रमेयावरून त्याचे क्षेत्रफळ π(r² − h²) येते. उरलेल्या वृत्तचितीचा छेद मात्र कड्यासारखा असतो. त्याची बाहेरची त्रिज्या r आणि आतल्या भोकाची त्रिज्या h असल्यामुळे त्याचे क्षेत्रफळ πr² − πh² होते. प्रत्येक पातळीवर छेदांची क्षेत्रफळे समान असतील तर घनफळेही समान असतात, हे कॅव्हालिएरी या इटालियन गणितज्ञाने १६३५ साली मांडलेले तत्त्व इथे वापरायचे असते. या विधानातील महत्त्वाचा शब्द ‘प्रत्येक’ हा आहे.

सर्वाधिक वेळा दिसणारी चूक शंकू उलटे बसवण्याची आहे. पाये मध्यभागी एकमेकांना चिकटवलेले आणि टोके वर-खाली, म्हणजे डमरूऐवजी भोवऱ्यासारखा आकार कोरलेला. एका हुशार पण उतावळ्या विद्यार्थ्याने मला अशी आकृती दाखवली तेव्हा मी ती चूक आहे एवढेच म्हणालो, आणि त्याने माझ्याशी बराच वेळ वाद घातला. त्याचे म्हणणे असे की, शंकू कसेही बसवले तरी त्यांचे घनफळ तेच राहते, म्हणून उत्तर तेच येते, आणि शिवाय त्याने एक छेद तपासूनही पाहिला होता. त्रिज्या १० घेऊन त्याने मध्यापासून ५ अंतरावर छेद घेतला होता. गोलाच्या छेदाचे क्षेत्रफळ ७५π आले, कड्याचेही ७५π आले, आणि त्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला.

क्षणभर मीही चक्रावलो, हे कबूल केले पाहिजे. मग लक्षात आले की भोवऱ्याच्या मांडणीत भोकाची त्रिज्या h नसून r − h असते, आणि h बरोबर निम्म्यावर असेल तेव्हा h आणि r − h हे दोन्ही ५ च होतात. त्याने तपासणीसाठी नेमकी तीच पातळी निवडली होती, जिथे चूक झाकली जाते. मी त्याला ६ अंतरावर छेद घ्यायला सांगितले. गोलाचे क्षेत्रफळ ६४π आले, तर त्याच्या कड्याचे १०० − १६, म्हणजे ८४π. मग मधल्या प्रतलावरच पाहा म्हटले. तिथे गोलाचा छेद सर्वांत मोठा, १००π, आणि त्याच्या आकृतीत भोकाने सगळी जागा खाल्ल्यामुळे क्षेत्रफळ शून्य. वाद तिथे थांबला.

तरीही घनफळ बरोबर का येते, हा प्रश्न त्याने त्यानंतर विचारला आणि तो योग्यच होता. भोवऱ्याच्या मांडणीत h अंतरावरचे कडे गोलाच्या r − h अंतरावरच्या छेदाशी जुळते. म्हणजे छेद तेच असतात, पण प्रत्येक अर्ध्या भागात त्यांचा क्रम उलटा झालेला असतो. गोलाचे दोन अर्धगोल करून त्यांच्या सपाट बाजू वर-खाली ठेवल्या आणि त्यांचे घुमट मध्यभागी टेकवले, तर त्याची आकृती पातळीगणिक जुळते. पण मग तुलना सलग गोलाशी न राहता उलट्या ठेवलेल्या दोन अर्धगोलांशी होते, आणि ते तसे लिहावे लागते.

याचीच भावंड असलेली दुसरी चूक म्हणजे दोन शंकूंऐवजी २r उंचीचा एकच शंकू काढणे. त्याचेही घनफळ (२/३)πr³ भरते, त्यामुळे उत्तर पुन्हा बरोबर येते, पण छेद जुळत नाहीत. या दोन्हींवर माझा उपाय साधा आहे. मी h ला ०, r आणि मधली एक ओबडधोबड किंमत अशा तीन ठिकाणी तपासतो, आणि मधली किंमत निम्म्यावर कधीच घेत नाही.

कड्याचे क्षेत्रफळ π(r − h)² लिहिणे ही बीजगणितातली आळशी चूक आहे. वरच्याच उदाहरणात ५ अंतरावर त्यावरून ७५π ऐवजी २५π मिळते. कडे म्हणजे मोठ्या वर्तुळातून लहान वर्तुळ वजा करणे, म्हणून मी दोन्ही क्षेत्रफळे आधी स्वतंत्र लिहितो आणि मगच वजाबाकीचे चिन्ह घालतो. एका ओळीत उरकण्याचा मोह मला पसंत नाही.

भोकाची त्रिज्या h च का, हे न सांगता पुढे जाणारेही बरेच असतात. शंकूची उंची आणि पायाची त्रिज्या दोन्ही r असल्यामुळे, समरूप त्रिकोणांवरून, टोकापासून h अंतरावर त्रिज्याही h असते. वृत्तचिती ३r उंच घेतली तर तेच भोक (२/३)h होते आणि सगळी तुलना कोलमडते.

शंकूच्या घनफळातला १/३ आधी स्वतंत्रपणे सिद्ध झालेला असावा लागतो. तो इथे आयता मिळत नाही.

शेवटची चूक अतिउत्साहाची आहे. घनफळे समान आली म्हणून याच युक्तीने पृष्ठफळही निघते असे काही जण लिहून टाकतात. वृत्तचितीचे वक्रपृष्ठफळ २πr × २r म्हणजे ४πr² येते, तेच गोलाचे पृष्ठफळ असते, आणि त्यामुळे त्यांचा विश्वास अधिकच पक्का होतो. पण कोरलेल्या घनाकृतीला शंकूंच्या आतल्या भिंतीही आहेत. प्रत्येक शंकूची तिरकस उंची √२ r असल्याने त्या दोन भिंती मिळून २√२πr² आणखी भरतात, आणि एकूण पृष्ठफळ गोलाच्या पृष्ठफळाहून दीडपटीपेक्षाही जास्त होते. छेदांची क्षेत्रफळे जुळली तरी त्यांच्या कडांची लांबी आणि कडांचा तिरपेपणा जुळत नाही, आणि पृष्ठफळ त्या कडांवरच अवलंबून असते.